जिन्याखाली किंवा माळ्यावर न्हाणी-संडास बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या जुन्या घरांत न्हाणी आणि संडास बहुतेक परसात किंवा घराच्या मागच्या टोकाला असतात. घरात कुणाचे गुडघे दुखायला लागले, कुणाचं ऑपरेशन झालं की घरातच जवळ एक छोटी न्हाणी हवी असं वाटू लागतं, आणि नजर जिन्याखालच्या अडगळीकडे किंवा वरच्या माळ्याकडे जाते. फोंडा आणि आसपासच्या गावांत मी हीच कामं करतो. लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सगळ्यात आधी काय मोजायचं? जिन्याखालची उंची ना?

नाही. आधी बाहेर जा आणि चेंबरचं झाकण उघडा. सेप्टिक टँककडे जाणारी जी लाइन सध्या आहे, तिच्या चेंबरचा तळ तुमच्या घरातल्या फरशीपेक्षा किती इंच खाली आहे, हा पहिला आकडा. दुसरा आकडा म्हणजे त्या चेंबरपासून नव्या न्हाणीच्या भिंतीपर्यंत पाइप ज्या वाटेने जाईल त्या वाटेची लांबी. सरळ रेषेतलं अंतर धरू नका. पाइप घराला वळसा घालून जाणार असेल तर तो वळसा मोजा.

खोलीचा आकडा काढायला गवंड्याची लेव्हल पाइप पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, एक टोक घरात फरशीजवळ आणि दुसरं चेंबरपाशी धरा. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला असतं, तिथून फरशीपर्यंत आणि चेंबरच्या तळापर्यंत टेपने मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे तुमच्याजवळ असलेली खोली.

हे आधी करायचं कारण असं, की ढाळ कमी पडला तर न्हाणीची फरशी वर उचलावी लागते, आणि फरशी उचलली की डोक्यावरची उंची तितकीच कमी होते. उंची आणि ढाळ एकाच मापातून वाटून घ्यायचे असतात. जिन्याखाली टेप लावून "सात फूट मिळतायत, झालं काम" म्हणत टाइल्स आणून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. नंतर फरशी सहा इंच उचलावी लागली आणि घरातल्या उंच माणसाला आंघोळीला वाकून उभं राहावं लागलं.

डोक्यावर किती उंची लागते?

राष्ट्रीय बांधकाम संहितेत न्हाणी किंवा संडासाची फरशीपासून छताच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंतची उंची किमान २.१ मीटर सांगितली आहे, म्हणजे जवळजवळ ६ फूट ११ इंच. तिरप्या जिन्याखाली प्रत्येक कोपऱ्यात ही उंची मिळणं शक्य नसतं. म्हणून मी हा नियम असा पाळतो: माणूस जिथे उभा राहतो, आंघोळ करतो आणि दारातून आत येतो, तिथे पूर्ण २.१ मीटर. कमोडवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर कमी चालतं, पण उठून उभं राहताना डोकं कुठे येतं ते बघायचं. बसलेला माणूस सरळ वर उठत नाही, आधी पुढे झुकतो आणि मग वर येतो. त्यामुळे कमोडची पाठ नेहमी बुटक्या बाजूला आणि तोंड उंच बाजूला ठेवायचं. उलट बसवला तर उठताना दर वेळी कपाळ आपटणार.

माझ्या जिन्याखाली नक्की किती जागा निघेल?

एक साधा सरळ जिना घेऊ. १७ पायऱ्यांची उंची प्रत्येकी ७ इंच, पायरीची रुंदी १० इंच. म्हणजे एका फुटाच्या अंतरात जिना जवळजवळ साडेआठ इंच चढतो. पायऱ्यांखालचा तिरपा स्लॅब ५ इंच जाडीचा असला तरी तो तिरका असल्यामुळे उभ्या मापात ६ इंचांहून थोडी जास्त जागा खातो, वर अर्धा इंच प्लास्टर. अशा जिन्याच्या उंच टोकाला, म्हणजे वरच्या मजल्याला जिना टेकतो तिथल्या शेवटच्या पायरीखाली, साधारण ८ फूट ९ इंच उंची मिळते.

तिथून बुटक्या बाजूला सरकायला लागलं की पूर्ण २.१ मीटरची उंची फक्त ३२ इंचांपर्यंत टिकते. पुढे ती झपाट्याने घटते. आंघोळीला उभं राहायला ३२ इंच पुरतात, पण त्यात उधळमाधळ करायला जागा नाही. आता फरशी ६ इंच उचला, तर ही उभी राहायची जागा ३२ इंचांवरून साडेतेवीस इंचांवर येते. असल्या जिन्यात फरशीचा प्रत्येक चढवलेला इंच उभं राहण्याच्या जागेतला जवळजवळ दीड इंच घेऊन जातो. जिना अधिक सपाट असेल तर नुकसान आणखी मोठं. हे एकदा लक्षात आलं की चेंबर आधी का उघडायचं ते सांगावं लागत नाही.

आमचा जिना मध्ये वळतो. लँडिंगखाली होईल का?

बहुतेक वेळा नाही. १० फुटांच्या मजल्यात मधलं लँडिंग ५ फुटांवर येतं, त्यातून स्लॅबची जाडी वजा करा. तिथे फार तर हात धुवायचं बेसिन बसतं. वरच्या टप्प्याखालची जागा उंच असते, ती मोजून बघा.

ढाळ म्हणजे नक्की किती द्यायचा?

गवंडी आणि प्लंबर दोघेही सुतात बोलतात, एका इंचात आठ सूत. चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरच्या मैल्याच्या पाइपला मी फुटाला दोन सूत ढाळ देतो, म्हणजे चार फुटांना एक इंच. अगदीच अडचण असेल तर पाच फुटांना एक इंच. त्याहून कमी ढाळावर मी संडासाची लाइन टाकत नाही. पाणी निघून जातं आणि घट्ट भाग वाटेतच राहतो, मग त्यावर पुढचा थर बसत जातो. न्हाणीच्या आतल्या फरशीला जाळीकडे फुटाला एक ते दीड सूत पुरतो. त्याहून जास्त दिला तर स्टूल डुगडुगतं आणि साबणाच्या पाण्यावर पाय घसरतो.

ढाळ किती आहे यापेक्षा तो सलग आहे का, हे मी जास्त तपासतो. मध्ये पाइपखालची माती बसली आणि झोळ पडला, तर आकडा कागदावर बरोबर असूनही त्या झोळात पाणी साचून राहतं आणि तिथूनच तुंबायला सुरुवात होते. पाइप टाकल्यावर, बुजवण्याआधी, एका टोकाला टॉर्च धरून दुसऱ्या टोकातून आरशात पाहा. प्रकाशाचं पूर्ण गोल वर्तुळ दिसलं तर लाइन सरळ आहे. अर्धाच चंद्र दिसला तर कुठेतरी पाइप वर-खाली झाला आहे. माती टाकण्याआधी हे तपासणं पाच मिनिटांचं काम आहे.

कमोड कोणता घ्यायचा?

इथे एका निवडीने चार-सहा इंच वाचतात. काही कमोडचा निचरा खाली फरशीत जातो, त्यांना एस-ट्रॅप म्हणतात. तिथे फरशीखाली चार इंची बेंड बसवायला नऊ-दहा इंच खोली लागते. पी-ट्रॅप कमोडचा निचरा मागे, फरशीपासून साधारण सात इंच वर, भिंतीत जातो. त्याला फरशीखाली काहीच खोली लागत नाही. जिन्याखाली आणि माळ्यावर मी पी-ट्रॅपच घ्यायला सांगतो. खाली बसायच्या भारतीय पद्धतीच्या भांड्याला एक ते दीड फूट खोलगट जागा लागते, म्हणून अशा कामात ते जवळजवळ बाद होतं.

राहिली न्हाणीची जाळी, म्हणजे नहाणी ट्रॅप. तो मात्र फरशीतच बसणार. जाळीच्या वरच्या पातळीपासून ट्रॅपच्या बाहेर पडणाऱ्या पाइपच्या तळापर्यंत साधारण साडेचार इंच धरा. कमोड पी-ट्रॅप घेतला की फरशी उचलायची की नाही ते फक्त या जाळीवर ठरतं. उथळ ट्रॅपही मिळतात, पण विकत घेताना त्यात पाणी किती उभं राहतं ते बघा. दोन इंच पाणी उभं राहायला हवं, तेच गटाराचा वास अडवतं. काही स्वस्त उथळ ट्रॅपमध्ये अर्धा-पाऊण इंचच पाणी असतं. ते उन्हाळ्यात चार दिवसांत आटतं.

एखादं खरं उदाहरण आकड्यांसकट सांगाल का?

म्हार्दोळच्या बाजूला एका घरात हे काम केलं. चिऱ्यांच्या भिंती, मागे परस, घरातल्या आईंचे गुडघे निकामी झालेले. संडास परसाच्या टोकाला होता आणि पावसात तिथवर जाणं त्यांना जमेना. जिना वर सांगितलेल्या मापाचाच, साडेतीन फूट रुंद, त्याची लांब बाजू बाहेरच्या भिंतीला लागून. दुसऱ्या बाजूला चार इंची विटांची भिंत घातल्यावर आत तीन फुटांहून थोडी जास्त रुंदी उरली. कमोडच्या मध्यापासून दोन्हीकडे दीड-दीड फूट, तेवढं पुरतं.

चेंबर पाहिलं, तर ते उथळ निघालं. त्याचा तळ घरातल्या फरशीपेक्षा फक्त १७ इंच खाली. नवा पाइप चेंबरच्या तळापेक्षा निदान एक इंच वर सोडायचा, म्हणजे हातात उरले १६ इंच. पाइपची वाट मोजली, मागच्या भिंतीच्या कडेने ४६ फूट.

चार फुटांना एक इंच ढाळ धरला तर ४६ फुटांत साडेअकरा इंच जातात. न्हाणीच्या भिंतीपाशी पाइपचा तळ फरशीखाली फक्त साडेचार इंच येतो. नहाणी ट्रॅपला साडेचार इंच आणि आतल्या पाच फुटांच्या पाइपला सव्वा इंच मिळून पावणेसहा इंच हवे होते. म्हणजे सव्वा इंच कमी. जाळी घरातल्या फरशीपेक्षा सव्वा इंच वर ठेवावी लागली असती, आणि फरशीचा जाळीकडचा उतार धरून दारापाशी न्हाणी घराच्या फरशीपेक्षा सव्वादोन इंच उंच झाली असती. गुडघेदुखी असलेल्या बाईला दाराशी सव्वादोन इंचांची पायरी, त्यावर पाणी अडवायला उंबरा. रात्री झोपेत उठलेल्या माणसासाठी ती ठेच आहे.

पाच फुटांना एक इंच धरलं तर ४६ फुटांत सव्वानऊ इंचांहूनही थोडे कमी जातात. पाइपचा तळ भिंतीपाशी पावणेसात इंच खाली येतो. पावणेसहा लागतात, एक इंच शिल्लक राहतो. त्या एक इंचाने जाळी घराच्या फरशीपेक्षा एक इंच खाली ठेवता आली, आणि न्हाणीची फरशी दाराशी घराच्या फरशीला बरोबर मिळाली. वर फक्त अर्धा इंचाचा गोलसर उंबरा.

मला कमी ढाळ आवडत नाही, मग इथे का स्वीकारला? जोतं एक फूट उंच होतं, त्यामुळे पहिले पंचवीस फूट हा पाइप जमिनीच्या वरूनच जाणार होता. मातीत पुरलेला पाइप बसतो; चिऱ्याच्या पक्क्या बांधावर टेकवलेला बसत नाही. आम्ही जोत्याच्या कडेने बुटका बांध घातला, दर पाच फुटांवर लेव्हल पाइपने एकेक इंचाची खूण केली, त्यावर पाइप टेकवला आणि मग चारी बाजूंनी काँक्रीट घातलं. त्यामुळे उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होत नाही आणि कुणाचा पाय किंवा कोयता लागत नाही. सुरुवातीला, मध्ये आणि कोपऱ्यावर साफ करायची झाकणं ठेवली. हीच लाइन भरावाच्या मातीतून न्यायची असती तर मी पाच फुटांना एक इंच मान्य केला नसता. दाराशी पायरी ठेवून तिला बाजूला धरायला दांडा लावला असता.

आतली मांडणी अशी: उंच टोकाला आंघोळीची जागा आणि दार. कमोडची पाठ बुटक्या बाजूच्या आडव्या भिंतीला. त्या भिंतीपाशी उंची ४ फूट ८ इंच, बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सहज पुरते. कमोडच्या पुढच्या कडेवर ६ फूट अडीच इंच, आणि उठून एक पाऊल पुढे आलं की ६ फूट ७ इंच. आईंची उंची पाच फूट. त्यांना काहीच अडचण नव्हती. आडव्या भिंतीमागे पहिल्या पायऱ्यांखाली जो बुटका त्रिकोण उरतो त्यात कमोडचा पाइप वळवून बाहेरच्या भिंतीतून काढला, आणि त्या त्रिकोणाला बाहेरच्या खोलीतून छोटं दार ठेवलं. पुढे सांधा तपासायचा झाला तर टाइल्स फोडाव्या लागणार नाहीत.

न्हाणीचं पाणी परसातल्या माडाला सोडलं तर? मग एवढा ढाळ कशाला?

चांगला प्रश्न आहे, आणि आपल्याकडची ही जुनी, उपयोगी पद्धत आहे. आंघोळीचं पाणी वेगळं काढून माडाच्या आळ्यात सोडलं तर ती लाइन लहान होते, ढाळाचा प्रश्न जवळजवळ सुटतो आणि सेप्टिक टँकवरचा भारही कमी होतो. जागा असेल तर मी स्वतः हेच सुचवतो. फक्त विहीर बघा. म्हार्दोळच्या त्या घरात विहीर त्याच बाजूला वीस फुटांवर होती, म्हणून ते केलं नाही. चिऱ्याची जमीन सच्छिद्र असते, वर सोडलेलं पाणी खाली कुठून कसं जाईल सांगता येत नाही. शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब असावा. मैल्याचं पाणी माडाला कधीही सोडायचं नाही.

माळ्यावर संडास करता येईल का?

फ्लॅटमधल्या सामान ठेवायच्या लॉफ्टबद्दल विचारत असाल तर नाही, तिथे माणूस उभाच राहू शकत नाही. कौलारू घराच्या मोठ्या माळ्याबद्दल विचारत असाल तर होऊ शकतं, पण खाली काय आहे ते आधी बघा. लाकडी फळ्यांवर थेट टाइल्स लावू नका. फळ्या पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि टाइल्सच्या सांध्यांतून पाणी झिरपून वासे कुजतात. खालच्या चिऱ्याच्या भिंतींवर टेकणारा छोटा काँक्रीटचा स्लॅब घालूनच न्हाणी करावी. तो कुठे टेकवायचा ते अभियंत्याकडून ठरवून घ्या. खाली देवघर किंवा स्वयंपाकघर येणार नाही अशी जागा निवडा. घरातली मोठी माणसं देवघरावर संडास होऊ देणार नाहीत हे खरंच, आणि संहितेतही राहत्या खोलीवर संडास यायचा तर त्याची फरशी पाणी न झिरपणारी हवी असं स्पष्ट आहे.

माळ्यावर ढाळाची अडचण उलट सोपी असते: पाइप भिंतीतून बाहेर काढला की सरळ खाली जातो. अडचण असते उंचीची. छपराचा उतार पाहा. समजा कडेच्या भिंतीपाशी वाशांखाली ५ फूट उंची आहे आणि छप्पर दर फुटाला ७ इंच चढतं. उंची मोजताना कौलांपर्यंत मोजू नका, डोकं वाशाला लागतं. जाळीसाठी फरशी ६ इंच उचलली की कडेला साडेचार फूट उरले. कमोड भिंतीला टेकवला तर त्याच्या पुढच्या कडेवर, भिंतीपासून २८ इंचांवर, ५ फूट १० इंच मिळतात. उठताना डोकं वाशाला लागलंच समजा.

मी काय करतो, तर कमोड भिंतीपासून एक फूट पुढे घेतो आणि मधल्या फुटात अर्ध्या उंचीची पोकळ भिंत बांधतो. टाकी आणि पाइप त्या पोकळीत जातात. कमोडच्या पुढच्या कडेवर आता ६ फूट ५ इंच मिळतात, आणि पोकळीला वरून उघडणारं झाकण ठेवलं की दुरुस्ती सोपी. आंघोळीची जागा मात्र भिंतीपासून सव्वाचार फूट आत घ्यावीच लागते, तिथून पुढे पूर्ण २.१ मीटर मिळतात.

बसवल्यावर जाळीतून वास येतो आणि फ्लश केलं की गुळगुळ आवाज होतो. का?

कमोडमधलं पाणी धावत खाली जाताना मागून हवा ओढतं. हवा यायला दुसरी वाट नसेल तर ती नहाणी ट्रॅपमधून ओढली जाते आणि त्यातलं पाणी सोबत निघून जातं. गुळगुळ आवाज म्हणजे तेच. उपाय म्हणजे हवेचा पाइप: लाइनच्या वरच्या टोकाजवळून दोन-अडीच इंची पाइप वर काढून पागोळीच्या वर नेऊन सोडायचा, टोकाला जाळीची टोपी. जिन्याखालच्या कामांत लोक हा पाइप वाचवतात आणि नंतर फिनाइल ओतत बसतात.

घर बंद राहत असेल तर कारण आणखी साधं असतं. मुंबईला असलेली मंडळी गणपतीला येतात आणि घरभर वास येतो, कारण मधल्या महिन्यांत ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं. जाळीत बादलीभर पाणी ओता, कमोड एकदा फ्लश करा, तासाभरात वास गेला तर दुसरं काही बिघडलेलं नाही.

पावसाळ्यातच संडास तुंबतो, उन्हाळ्यात नाही. ढाळ चुकला का?

बहुतेक नाही. फ्लश सावकाश उतरत असताना चेंबर उघडून पाहा. चेंबर भरलेलं असेल तर दोष चेंबरच्या पुढे आहे, म्हणजे जुलैमध्ये जमिनीतलं पाणी वर आल्यामुळे शोषखड्डा पाणी घेत नाही. चेंबर रिकामं असेल तर दोष घर आणि चेंबर यांच्यामध्ये आहे, आणि मग ढाळ किंवा झोळ तपासायचा. खाजनाच्या काठच्या सखल घरांत पहिला प्रकार नेहमीचा. तिथे नवी न्हाणी करण्याआधी एका पावसाळ्यात चेंबर बघून घ्या, कारण नव्या न्हाणीचं पाणीही त्याच खड्ड्यात जाणार आहे.

खिडकी नाही. नुसता पंखा लावला तर चालेल?

एक तरी भिंत बाहेर उघडी हवी, निदान झरोका तरी. आपल्या पावसाळ्यात टॉवेल चार दिवस वाळत नाही, तिथे बंद जिन्याखाली गरम पाण्याची वाफ जिन्याच्या स्लॅबवरच साचते. दोन-तीन वर्षांत प्लास्टर फुगतं, मग आतली सळई गंजून काँक्रीटचे पापुद्रे पडतात. झरोक्यात सहा इंची एक्झॉस्ट पंखा लावा आणि दाराच्या तळाशी अर्धा इंच फट ठेवा, नाहीतर पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही. न्हाणीचं दार किंवा खिडकी स्वयंपाकघरात उघडू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: पाइप किंवा वायरसाठी जिन्याच्या तिरप्या स्लॅबला छिन्नी लावू देऊ नका. त्याची मुख्य सळई खालच्याच बाजूला, प्लास्टरच्या जरा आत असते. तिथे खाच मारली की जिन्याची ताकदच कापली जाते. सगळं बाजूच्या भिंतीतून न्या.

गीझर कोणता बसवू?

गॅस गीझर आत अजिबात नको. एवढ्याशा बंद जागेत त्याच्या ज्वाळेने कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि आंघोळ करणारा माणूस बेशुद्ध होऊन पडतो. अशाने माणसं दगावली आहेत. विजेचा छोटा गीझर उंच टोकाच्या भिंतीवर लावा, त्याला स्वतंत्र वायर आणि वीज गळली की लगेच ती तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. तो लावण्याआधी खाली उभं राहून डोक्यावर किती जागा उरते ते मोजा, गीझर लोंबतो हे लोक विसरतात.

खोली कमीच पडते, चेंबरपर्यंत ढाळ मिळतच नाही. मग?

दुसऱ्या बाजूला नवा छोटा सेप्टिक टँक होतो का ते बघा, पण त्यासाठी आधी पंचायतीत जा आणि विहिरींची अंतरं मोजा, शेजाऱ्याची विहीरसुद्धा. मैला बारीक करून वर ढकलणारे पंप मिळतात. वीज गेली की ते बंद, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून घरातला एकमेव संडास अशा पंपावर मी ठेवणार नाही. दोन्ही जमत नसेल तर तिथे फक्त आंघोळीची जागा करा, तिचं पाणी कमी खोलीतही निघतं, आणि संडास चेंबरच्या जवळ ठेवा.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी काय तपासू?

टाइल्स लावण्याआधी जाळीचं तोंड बंद करून फरशीत दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवायला सांगा आणि पाण्याच्या कडेला पेन्सिलने खूण करा. माळ्यावर असेल तर खालच्या छताकडे दोन दिवस बघत राहा. टाइल्स झाल्यावर दाराजवळ तांब्याभर पाणी सोडा. ते कुठेही न थांबता जाळीकडे गेलं पाहिजे, कोपऱ्यात डबकं राहिलं तर तो भाग पुन्हा करून घ्या. मग कमोडमध्ये टिश्यू कागदाचे आठ-दहा बोळे टाकून फ्लश करा आणि बाहेर शेवटच्या चेंबरपाशी कुणाला तरी उभं करा. फार तर दोन फ्लशमध्ये सगळे बोळे तिथे पोचायला हवेत. एखादा वाटेत राहिला, तर पाइप अजून उघडा असताना झोळ शोधा.

आणि शेवटी सगळ्यात उंच माणसाला आत पाठवून कमोडवर बसवा, उठवा आणि वाकून बादली उचलायला सांगा.